एकाच नावाची दोन दुकानं आणि टॅलीतलं एकच खातं

हे प्रकरण नाशिकमधल्या एका कंपनीत दिवाळी २०२४ च्या तोंडावर घडलं. कंपनीचं दरमहा जीएसटीचं काम आमच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या ऑफिसात होतं, म्हणून मला ते जवळून पाहायला मिळालं. त्यातली एक चूक माझीही आहे, ती पुढे येईलच. दोन्ही दुकानं मिठाईची. त्यांची नावं दिलेली नाहीत आणि जागाही बदलल्या आहेत. एका दुकानाला ‘गावातलं’ आणि दुसऱ्याला ‘गंगापूर रोडचं’ म्हणतो. दोन्हीकडे दिवाळीत रांग लागते, दोन्हींच्या पाटीवर एकच आडनाव आहे आणि ही एकाच घराची दोन दुकानं आहेत असं बहुतेक नाशिककर मानून चालतात. मीही तसंच मानत होतो.

पार्श्वभूमी

कंपनी अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवते. दर दिवाळीला प्रत्येक कामगाराला एक किलो मिठाईचा बॉक्स द्यायची पद्धत आहे. त्या वर्षी ४०० बॉक्स लागणार होते. गावातल्या दुकानाने ५२० रुपये भाव दिला. म्हणजे मिठाईचे २,०८,०००, त्यावर ५ टक्के जीएसटीचे १०,४००, एकूण २,१८,४०० रुपये. निम्मी रक्कम आगाऊ द्यायची, म्हणजे १,०९,२००.

हे काम लेखा विभागातल्या लिपिक ताईंकडे होतं. त्यांना ऑफिसात सगळे नुसतं ‘ताई’ म्हणतात, इथेही तेच ठेवतो. खरेदीची बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवणं, पेमेंट लावणं आणि महिन्याअखेरीस आमच्याकडे खरेदीची यादी पाठवणं हे त्यांचं काम. त्यांच्या आधी तिथे एक काका होते. बावीस वर्षांची नोकरी, आता निवृत्तीला टेकलेले आणि आठवड्यातून तीन दिवस येणारे. मिठाईवाल्याचं खातं टॅलीत काकांनीच उघडलेलं. त्यावर पत्ता आणि जीएसटी क्रमांक गावातल्या दुकानाचा होता, पण बँक खात्याचा क्रमांक गंगापूर रोडच्या दुकानाचा. आदल्या वर्षी गणपतीतले मोदक तिकडून घेतले होते आणि ते पैसे पाठवताना मिळालेला खातेक्रमांक तसाच नोंदला गेला होता. अशी मिश्र नोंद एका दिवसात होत नाही. कोणी तरी एकदा पत्ता भरतं, कोणी तरी वर्षभराने बँकेचा तपशील भरतं आणि नाव एकच असल्यामुळे कोणाला काही खटकत नाही.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी, १४ ऑक्टोबरला, ताईंनी १,०९,२०० रुपये एनईएफटीने पाठवले. बँकेतून त्या व्यवहाराच्या ओळखीचा यूटीआर क्रमांक आला, तो फाइलला लागला आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

अडचण कशी समोर आली

२२ तारखेला गावातल्या दुकानाच्या मुनीमजींचा फोन आला. “ताई, खवा भरायचाय, काजू घेतलेत. तुमचे आगाऊ पैसे अजून आले नाहीत.” ताईंनी यूटीआर पाठवला. मुनीमजींनी बँकेत पाहून पुन्हा फोन केला की असा कुठलाच जमा आकडा नाही. मग ताईंनी आपल्या बँकेत विचारलं. तिथे उत्तर मिळालं की रक्कम त्याच दिवशी जमा झाली आहे, खात्याचे शेवटचे चार आकडे अमुक. ते आकडे मुनीमजींनी ऐकले आणि म्हणाले, “हे आमचं खातं नाही. गंगापूर रोडवाल्यांचं असेल.”

ताई बोलून गेल्या त्या ठिकाणी मीही तेच बोललो असतो: “मग तुमच्याच शाखेत गेलेत की. तुम्ही आपसात बघून घ्या.”

मुनीमजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “ताई, ती आमची शाखा नाही. पाटी एक आहे, घरं दोन आहेत. शेठजींच्या वडिलांच्या वेळेसच वाटणी झाली.”

ताईंनी गंगापूर रोडला फोन लावला. तिथला हिशेबनीस सभ्य होता. म्हणाला, पैसे आलेत, पण कोणत्या ऑर्डरचे ते कळत नव्हतं म्हणून ‘अनामत’ करून ठेवलेत, कोणी विचारेल याची वाट पाहत होतो. म्हणजे पैसे बुडालेले नव्हते. पण वसुबारस सहा दिवसांवर, म्हणजे २८ ऑक्टोबरला होती, त्या दिवशी बॉक्स वाटायचे होते, आणि ज्याला माल करायचा होता त्याच्या हातात एक रुपया नव्हता.

दोन घरं आहेत हे कागदावर कसं कळलं

मुनीमजींच्या तोंडी सांगण्यावर कंपनीच्या संचालकांकडे जाता येत नव्हतं. म्हणून ताईंनी दोन्ही दुकानांची जुनी बिलं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगाचं काम मला हेच वाटतं.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. नमुना असा:

```
27 ABCDE1234F 1 Z 5
```

पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. तेरावं अक्षर त्या पॅनवर त्या राज्यात घेतलेली कितवी नोंदणी ते सांगतं, चौदावं सहसा Z असतं आणि शेवटचं तपासणीचं. एकाच कंपनीच्या नाशिकमध्ये दहा शाखा असल्या तरी साधारणपणे सगळ्यांच्या बिलावर एकच क्रमांक येतो, कारण शाखा त्याच नोंदणीत जादा जागा म्हणून दाखवल्या जातात. एखाद्याने शाखेसाठी वेगळी नोंदणी घेतलीच, तरी मधली दहा अक्षरं बदलत नाहीत. तेव्हा शाखा आहे की दुसराच माणूस, हे ठरवायला तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत वाचावं लागतं.

ताईंनी वाचलं आणि पहिल्या नजरेत त्यांना क्रमांक सारखेच वाटले. याला कारण आहे. दोन्हींची सुरुवात २७ ने, त्यापुढे दोन्हीकडे AA. पॅनचं चौथं अक्षर मालक कोणत्या प्रकारचा ते सांगतं: व्यक्ती असेल तर P, भागीदारी असेल तर F, कंपनी असेल तर C. इथे दोन्ही खासगी मर्यादित कंपन्या, म्हणून दोन्हीकडे C. पाचवं अक्षर कंपनीच्या नावाचं आद्याक्षर, आणि नाव एकाच आडनावाने सुरू होत असल्याने तेही सारखं. शेवटी Z तर असतोच. घाईत पाहणाऱ्याचा डोळा नेमक्या सारख्या अक्षरांवर पडतो. फरक होता मधल्या चार आकड्यांत, तिसऱ्या अक्षरात आणि पॅनच्या शेवटच्या अक्षरात. ताईंनी मग दोन्ही क्रमांक एकाखाली एक लिहून पट्टी धरून तपासले. दोन पॅन, म्हणजे कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या व्यक्ती.

मग जीएसटीच्या संकेतस्थळावर `Search Taxpayer` मध्ये दोन्ही क्रमांक टाकले. `Trade Name` या ओळीत दोन्हीकडे जवळजवळ तेच नाव आलं, कारण तिथे दुकानाची पाटी नोंदलेली असते. `Legal Name of Business` मध्ये मात्र एकीकडे आडनावापुढे ‘मिठाई’ आणि दुसरीकडे ‘फूड्स’ होतं. कंपनीला बिलाच्या कागदावर आपला २१ अक्षरी नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआयएन, छापावा लागतो, त्यात स्थापनेचं वर्ष असतं. तेही वेगळं निघालं, गंगापूर रोडची कंपनी बरीच नंतरची. कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर संचालकांची यादी पाहिली तर आडनाव सगळ्यांचं तेच, पण एकही माणूस दोन्हीकडे नव्हता. मिठाईच्या डब्यावरचा १४ आकडी अन्न परवाना क्रमांकही दोन डब्यांवर वेगवेगळा होता. तो एकटा पाहून मात्र काही ठरवू नये, कारण हा परवाना जागेनुसार घेतात आणि एकाच मालकाच्या दोन दुकानांचेही दोन क्रमांक असतात.

नाव कोणाचं खरं, हा प्रश्न ताईंच्या मनात आला. दुपारी चहाला तोच विषय होता. कुटुंब वेगळं होताना दोघांनीही नाव ठेवणं आपल्याकडे नवीन नाही. हल्दीरामचंच घ्या, १९३७ साली बिकानेरात सुरू झालेल्या दुकानाच्या पुढे नागपूर, दिल्ली आणि कोलकाता अशा वेगळ्या शाखा घराण्यात झाल्या आणि त्यातल्या काहींत नावावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेरीही चालली. नाशिकच्या या दोन घरांत काय ठरलं होतं हे आम्हाला माहीत नाही आणि ते कळण्याची गरजही नव्हती. आमच्यापुरता प्रश्न एवढाच होता की आपले १,०९,२०० रुपये कोणाकडे आहेत आणि आपण कोणाचे देणेकरी आहोत.

समोरचे पर्याय

काकांनी सगळ्यात आधी एक उपाय सुचवला. “कशाला डोक्याला ताप? खातं एकच आहे. माल आला की बिल चढवायचं, उरलेले पैसे द्यायचे, खातं शून्य. ते दोघं भाऊबंद बघतील आपसात.”

हा पर्याय ऐकायला फार सोपा वाटतो, म्हणून तो उलगडून सांगतो. टॅलीतल्या एकत्र खात्यात १,०९,२०० नावे आहेत. माल आला की २,१८,४०० जमा होतील. मग उरलेले १,०९,२०० दिले की खातं खरंच शून्य होतं. पण प्रत्यक्षात गावातल्या दुकानाला २,१८,४०० पैकी फक्त निम्मे मिळालेले असतील, म्हणजे आपण त्यांचे १,०९,२०० देणं लागतो. आणि गंगापूर रोडकडे आपले तेवढेच पैसे विनाकारण पडून असतील. दोन उलट चुका एका खात्यात घातल्या की त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि खातं चकचकीत दिसतं. मार्चअखेरीस बाकीची खातरजमा मागवली की गावातलं दुकान येणं दाखवणार, आपण शून्य दाखवणार, आणि तोवर दिवाळीचं कोणाला काही आठवत नसणार.

दुसरा पर्याय, गंगापूर रोडने पैसे परस्पर गावातल्या दुकानाला द्यावेत. ताईंनी तसं विचारूनही पाहिलं. हिशेबनीस लगेच म्हणाला, “ते जमणार नाही, ताई. त्यांच्या खात्यात आमच्याकडून एक रुपया गेलेला शेठना चालणार नाही.” भावकीतलं कारण बाजूला ठेवलं तरी त्याचं म्हणणं हिशेबाने बरोबरच होतं. त्या दोन कंपन्यांत आपसात काही देणंघेणं नाही, मग ती रक्कम त्यांनी कोणत्या नावाने दाखवायची?

तिसरा पर्याय, ऑर्डरच गंगापूर रोडला वळवायची. पैसे तिथे आहेतच. संचालकांना हा आवडला होता. पण तिथला भाव ५६० रुपये होता, म्हणजे ४०० बॉक्सना कर धरून १६,८०० जास्त. आणि गावातल्या दुकानाने काजू भरले होते, बॉक्सवर लावायची कंपनीच्या नावाची स्टिकरं छापून घेतली होती. चूक आपली आणि भुर्दंड त्यांना, हे ताईंना पटलं नाही. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, हे मला विशेष वाटलं.

चौथा पर्याय, गंगापूर रोडकडून पैसे परत मागायचे आणि तोवर गावातल्या दुकानाला नव्याने आगाऊ द्यायचं. यात काही दिवस दोन्हीकडे पैसे अडकणार होते, आणि दिवाळीचा बोनस नुकताच वाटून झाल्याने कंपनीच्या खात्यात ओढाताण होती.

काय केलं

चौथा पर्याय निवडला, पण थोडा कापून. ताई स्वतः गावातल्या दुकानात गेल्या. गाडी लावायला जागा नाही म्हणून गोदाघाटावर लावून चालत. शेठजींपुढे दोन्ही बिलं आणि यूटीआर ठेवला आणि विचारलं, निम्म्याऐवजी ५०,००० वर काम सुरू कराल का. शेठजी हसले म्हणे. “दर दिवाळीला दोन-तीन जणांचं असं होतं. आमचेही त्यांच्याकडे जातात, त्यांचेही आमच्याकडे येतात.” त्यांनी होकार दिला आणि २४ तारखेला ५०,००० त्यांच्या खात्यात गेले, या वेळी रद्द केलेला चेक हातात घेऊन आणि खातेक्रमांक त्याच्याशी ताडून.

गंगापूर रोडला कंपनीच्या कागदावर पत्र दिलं. त्यात रक्कम, तारीख, यूटीआर, आमच्याकडून आपल्याला कोणतीही ऑर्डर नव्हती हे वाक्य, आणि रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी ही विनंती. हिशेबनिसाने संचालकांची सही मागितली, ती योग्यच होती. फोनवर मागितलं म्हणून लाखभर रुपये कोणी परत करू नयेत. इथे एक गोष्ट सोपी गेली. मालाच्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी भरावा लागत नाही, कर बिलाच्या वेळी लागतो. त्यामुळे त्यांनी कर भरलेलाच नव्हता आणि परत करताना कराची उलटापालट करावी लागली नाही. सेवेची आगाऊ रक्कम असती तर काम वाढलं असतं.

निष्पत्ती

बॉक्स वसुबारसेला सकाळी आले. उरलेले १,६८,४०० माल मोजून घेतल्यावर दिले. गंगापूर रोडचे पैसे लक्ष्मीपूजन, पाडवा आणि रविवार उलटून ४ नोव्हेंबरला परत आले. दहा-अकरा दिवस कंपनीचे पैसे दोन्हीकडे अडकले, एवढंच नुकसान.

खरं काम त्यानंतर झालं. ताईंनी टॅलीत दोन खाती केली, नावात पाटी न घालता पूर्ण कायदेशीर नाव घातलं, आणि मागच्या दोन वर्षांची बिलं वेगळी केली. ३१ बिलांपैकी १२ गंगापूर रोडची निघाली, पण सगळी गावातल्या जीएसटी क्रमांकावर चढलेली. म्हणजे दर काही महिन्यांनी जीएसटीआर-२बीच्या, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या तक्त्यात गंगापूर रोडची बिलं आमच्या यादीत नसलेली दिसायची आणि तितक्याच रकमेची गावातली बिलं तक्त्यात नसायची. हा फरक दर वेळी माझ्या समोर येत होता. रक्कम लहान, दोन्ही बाजूंना सारखी, आणि नाव तेच, म्हणून मी त्याला ‘वेळेचा फरक’ असं लिहून पुढे सरकवत होतो. वेळेचा फरक पुढच्या महिन्यात भरून निघतो. हा कधीच निघाला नव्हता आणि ते मी पाहिलं नाही.

विवरणपत्रात पुरवठादारनिहाय आकडे जात नाहीत, एकूण रक्कम जाते, त्यामुळे तिथे बदल करावा लागला नाही. पण बिलं चाळताना आदल्या दिवाळीच्या बॉक्सवरच्या कराचं क्रेडिट घेतलेलं, म्हणजे तो कर आपल्या देय करातून वजा केलेला सापडला. भेट म्हणून वाटलेल्या मालाचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खाली मिळत नाही. ते व्याजासह परत केलं. मूळ प्रकरणाशी त्याचा संबंध नव्हता, पण खातं उघडून पाहिल्याशिवाय तेही निघालं नसतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली संधी १४ ऑक्टोबरच्याही आधीची होती, खात्यात बँकेचा तपशील बदलला तेव्हाची. बदल करणाऱ्याने नवीन खातेक्रमांक कोणत्या कागदावरून घेतला ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता कंपनीत रद्द केलेला चेक आणि जीएसटी नोंदणीची प्रत एकाच वेळी घेतात आणि चेकवरचं नाव नोंदणीतल्या कायदेशीर नावाशी शब्दाला शब्द जुळल्याशिवाय खातं उघडत नाहीत. ‘मिठाई’ आणि ‘फूड्स’ हा फरक तिथेच दिसला असता.

बँक हा फरक पकडेल अशी आशा ताईंना होती. तशी ती अनेकांना असते. पण एनईएफटीत रक्कम खातेक्रमांकावर जमा होते, आपण टाइप केलेल्या नावावर नाही. एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नोंदलेलं नाव दाखवण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. आमच्या प्रकरणात तीही पुरेशी झाली असती असं नाही. सुरुवातीचं आडनाव सारखं, आणि मोबाइलच्या पडद्यावर लांब नाव अर्धं कापलं जातं. नाव शेवटपर्यंत वाचणाऱ्यालाच तिचा उपयोग.

आणि दुसरी संधी मधल्या आठ दिवसांत होती. आगाऊ रक्कम मिळाली की विक्रेत्याने तिची पावती द्यायची असते. १४ ते २२ तारखेपर्यंत ती आली नाही आणि ताईंनी मागितली नाही, कारण दिवाळीच्या गडबडीत मिठाईवाल्याकडे कोण पावती मागतं. दुसऱ्याच दिवशी मागितली असती तर गावातल्या मुनीमजींनी तेव्हाच सांगितलं असतं की पैसे आले नाहीत, आणि हातात सहाऐवजी तेरा दिवस असते.

यंदा दसऱ्याच्या आधी पाथर्डी फाट्याला त्याच पाटीचं तिसरं दुकान निघालं. ताईंनी तिथून पाव किलो पेढे घेतले आणि काउंटरवरच्या मुलाला म्हणाल्या, पक्कं बिल दे. ऑफिसात येऊन त्यांनी ते गंगापूर रोडच्या बिलाखाली ठेवलं आणि पट्टी धरली. पंधराच्या पंधरा अक्षरं तीच होती. तिसरं खातं उघडावं लागलं नाही.